मालकाचा फोटो ते पोत्यावरचा चेहरा

वसमतची हळद असो की लातूरची तूरडाळ, छोटा धंदा नावारूपाला आला की घरात एक विषय निघतोच: पाकिटावर आबांचा फोटो टाकायचा. आजकाल त्याच फोटोवरून कार्टूनसारखा सुटसुटीत चेहरा काढून घेतात. ही नव्या डिझायनरांनी आणलेली टूम वाटते, पण तिचं मूळ छपाईच्या अडचणीत आहे.

1880च्या दशकात हाफटोन ब्लॉक आला आणि फोटो छापता येऊ लागला. त्यात फोटोचे बारीक ठिपके पाडतात, गडद जागी मोठे आणि उजळ जागी लहान. गुळगुळीत कागदावर हे छान उठतं. पुडीच्या खरबरीत कागदावर मात्र शाई पसरते, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मालकाच्या गालावर काळे डाग दिसू लागतात. म्हणून स्वस्त लेबलसाठी फोटोवरून शाईचं रेखाचित्र करून त्याचा लाइन ब्लॉक काढायचे. काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही.

बारदानावर स्टेन्सिल चाले, आणि तिथे आणखी कठीण. चष्म्याचं वर्तुळ पत्र्यातून पूर्ण कापलं तर आतली चकतीच गळून पडते आणि डोळ्याच्या जागी काळा गोळा छापला जातो. म्हणून वर्तुळ दोन जागी तोडून चकतीला पत्र्याची पट्टी ठेवावी लागते. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे असं पत्र्यानेच ठरवलं.

या प्रकारातलं जगभर पोचलेलं उदाहरण म्हणजे केंटकी फ्राइड चिकनचे कर्नल सँडर्स. चष्मा, बोकडदाढी, काळा बारीक टाय, पांढरा सूट. चित्र माणसावरून निघालं खरं, पण माणूसही चित्रासारखा होत गेला. दाढीमिशा डोक्याच्या पांढऱ्या केसांना जुळाव्यात म्हणून त्यांनी त्या पांढऱ्या करून घेतल्या होत्या आणि चारचौघांत ते त्याच पोशाखात वावरत. आपल्याकडे एमडीएचच्या महाशय धरमपाल गुलाटींची पगडी आणि मिशा तशाच, फक्त तिथे फोटोच राहिला.

मराठवाड्यात नेमकी इथेच फसगत होते. हळदीच्या व्यापाऱ्याचा फोटो घ्या: पांढरी टोपी, कपाळी गंध, झुपकेदार मिशा. चित्रकार एवढंच उचलतो आणि पाकिटावर येतो कोणताही आजोबा. टोपी, गंध आणि मिशा अर्ध्या बाजारपेठेत सापडतील. त्यांनी माणसाचा थाट कळतो, माणूस कळत नाही.

ओळख कुठे असते, यावर दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. ऱ्होड्स, ब्रेनन आणि कॅरी यांना 1987 मध्ये दिसलं की ओळखीच्या माणसाचं हुबेहूब रेखाचित्र ओळखायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा अतिशयोक्त चित्र लवकर ओळखू येतं. ती अतिशयोक्ती मात्र सरासरी चेहऱ्यापेक्षा जे वेगळं आहे त्याचीच हवी. दुसरा 2003चा: प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोतून भुवया पुसल्या, तर डोळे पुसल्यापेक्षाही ओळखणं जास्त अवघड गेलं. आणि पहिल्या फटक्यात चित्रकार सरळ करून टाकतो त्या भुवयाच.

आता वरचाच फोटो पुढे धरू. समजा, आबांची डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे, नाक आणि वरच्या ओठात अंतर जास्त आहे, कान बाहेर आलेले आहेत. या तीन गोष्टी ठेवायच्या, त्यातली भुवई थोडी वाढवायची. सुरकुत्या, गालावरची सावली, सदऱ्याची बटणं काढून टाकायची. कोरल ड्रॉमध्ये फोटो टाकून आपोआप ट्रेस करायचा मोह होतो, पण टोपीची सावली आणि भुवई दोन्ही गडद असल्याने ती एकच काळी पट्टी होते. रेषा हातानेच काढावी लागते. शिवाय लग्नातला जवळून फ्लॅश मारलेला फोटो घेऊ नये. त्यात नाक मोठं, कान लहान दिसतात, म्हणजे मोजमापच चुकतं.

झालं की चित्र नखाएवढं छापायचं आणि टोपी-मिशांवर बोट ठेवायचं. आबांना ओळखणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला नाव न सांगता दाखवायचं. बोट ठेवूनही तो 'हे तर आबा' म्हणाला, तर चेहरा उतरला. 'कुणीतरी शेतकरी दिसतो' म्हणाला, तर पुन्हा भुवईपासून सुरुवात.

राहता राहिली नोंदणी. 1999च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 14 नुसार हयात व्यक्तीचं, किंवा अर्जाआधीच्या वीस वर्षांत वारलेल्या व्यक्तीचं नाव वा चित्र तिच्याशी खोटा संबंध सुचवत असेल, तर निबंधक तिची किंवा तिच्या कायदेशीर प्रतिनिधींची लेखी संमती मागू शकतो. भावाभावांत दुकानं वाटली गेली आणि दोघांनाही आबा हवे असले, तर वाद इथेच उभा राहतो. आबा हयात असतानाच सही घेऊन ठेवली, तर ते सोपं जातं.