रिफ्रेशर आणि रीव्हॅलिडेशन: डेक कॅडेटच्या फायलीतल्या दोन वेगळ्या मुदती

डेक कॅडेट म्हणजे जहाजावर ब्रिजवरचा अधिकारी व्हायला शिकणारा उमेदवार. त्याची फाइल उघडली की पाच वर्षांची मुदत दोनदा भेटते. एकदा सेफ्टी कोर्सच्या सर्टिफिकेटवर, आणि पुढे अधिकारी झाल्यावर सीओसीवर, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सीवर. आकडा एकच असल्यामुळे बरीच मुलं दोन्हीला सरसकट 'रिन्यू करायचंय' म्हणतात. कोणी समजतं की सीओसी नवी झाली की कोर्सही आपोआप नवे झाले. कोणी उलट समजतं, रिफ्रेशर केला की सीओसीचंही काम झालं. दोन्ही चुकीचं आहे. कोर्सचा रिफ्रेशर हा हातांनी करून दाखवायच्या गोष्टींचा पुरावा आहे. सीओसीचं रीव्हॅलिडेशन हा मुख्यतः समुद्रावर काम केल्याचा आणि तब्येत ठीक असल्याचा पुरावा आहे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

दोन्हीचा उगम एकाच करारात आहे. 1978 चा एसटीसीडब्ल्यू करार खलाशांचं प्रशिक्षण, सर्टिफिकेट आणि वॉचकीपिंग, म्हणजे जहाजावरच्या पाळ्यांची ड्युटी, यांचे नियम ठरवतो. 2010 च्या मनिला दुरुस्त्या 1 जानेवारी 2012 पासून लागू झाल्या, आणि सेफ्टी कोर्सच्या पाच वर्षांच्या मुदतीचा आग्रह आज दिसतो तो त्यांच्यामुळे. हे किमान नियम आहेत. जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली चालतं आणि सर्टिफिकेट ज्या देशाने दिलंय, ते देश यापेक्षा कडक असू शकतात. कंपन्या तर असतातच.

आधी सेफ्टी कोर्स. कॅडेटला पहिल्या जहाजावर साइन ऑन होण्याआधी बेसिक सेफ्टी ट्रेनिंग करावं लागतं. त्याचे चार भाग आहेत: समुद्रात जीव वाचवण्याची तंत्रं, आग टाळणं आणि विझवणं, प्राथमिक उपचार, आणि वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदाऱ्या. जोडीला सिक्युरिटीचा कोर्स असतो. हे सगळे कोर्स बहुतेकदा एकाच संस्थेत, लागोपाठच्या दिवसांत होतात, त्यामुळे त्यांची मुदतही सारखीच असणार असं वाटतं. करारानुसार मात्र दर पाच वर्षांनी क्षमता टिकवल्याचा पुरावा पहिल्या दोन भागांसाठीच लागतो. प्राथमिक उपचार, सामाजिक जबाबदाऱ्या आणि सिक्युरिटी यांना करारात अशी पाच वर्षांची अट नाही. तरीही कंपनीने मागितलं तर वाद घालण्यात अर्थ नाही, फक्त ती मागणी कंपनीची आहे हे माहीत असावं. मुदत नाही म्हणून विषय जसाच्या तसा राहतो असंही नाही. सामाजिक जबाबदाऱ्यांच्या भागात छळ, दादागिरी आणि लैंगिक छळ रोखण्याचा मजकूर 1 जानेवारी 2026 पासून वाढवला आहे.

मग पाणी आणि आग हे दोनच भाग का निवडले? जहाजावर दर महिन्याला बोट ड्रिल आणि फायर ड्रिल होतातच, तेवढं पुरे नाही का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कॅडेट विचारतो. याचं उत्तर करारातच आहे. लाइफजॅकेट घालणं, ते घालून लाइफबोटीत चढणं, बोटीतली साधनं आणि लोकेशन देणारी यंत्रं चालवणं, सी अँकर सोडणं, श्वसनयंत्र लावणं, धुराने भरलेल्या जागेतून माणूस बाहेर काढणं, एवढ्या गोष्टी जहाजावरच्या सरावातून टिकवल्या असं देशाचं सागरी प्रशासन मान्य करू शकतं. पण उंचावरून पाण्यात उडी मारणं, थंड पाण्यात जीव टिकवणारा इमर्शन सूट घालून पाण्यात वावरणं, उलटी लाइफराफ्ट सरळ करणं आणि खरी आग विझवणं या गोष्टी त्या यादीत नाहीत. त्या किनाऱ्यावरच कराव्या लागतात.

उलट्या राफ्टचंच बघा. राफ्टच्या एका कडेला गॅसची बाटली असते. ती कडा वाऱ्याच्या आडोशाकडे येईल अशी राफ्ट आधी पाण्यात फिरवून घ्यायची. मग बाटलीच्या बाजूने वर चढायचं, कडेवर पाय रोवायचे, तळावरचा पट्टा धरायचा आणि अख्खं अंग मागे टाकायचं. समोरची कडा उचलली की तिच्याखाली वारा शिरतो आणि तोच पुढचं काम करतो. राफ्ट सरळ होते, पण बहुतेकदा तुमच्या डोक्यावर पडते. तुम्ही पाण्यात, वर राफ्टचा तळ, आणि लाइफजॅकेट तुम्हाला त्याच तळाला चिकटवून ठेवतं. इथे नवखा माणूस घाबरून खाली बुडी मारायला बघतो, आणि जॅकेट त्याला बुडू देत नाही. करायचं असतं ते इतकंच: पाठीवर राहून तळाला हात लावत लावत कडेपर्यंत सरकायचं. मस्टर स्टेशनवर, म्हणजे जहाजावर आणीबाणीत जमायच्या जागी, उभं राहून हे ऐकलं तर सोपं वाटतं. तलावात एकदा राफ्ट अंगावर पडली की पाच वर्षांची अट का आहे हे समजतं.

पुढे वॉचकीपिंग अधिकारी होताना आणखी दोन कोर्स लागतात: प्रगत अग्निशमन, आणि लाइफबोट व रेस्क्यू बोटीतलं प्रावीण्य. त्यांनाही पाच वर्षांची अट आहे, पण ते बेसिक कोर्सच्या नंतर दोन-तीन वर्षांनी होतात. म्हणजे त्यांची तारीख वेगळी चालते.

आता सीओसी. ती कॅडेटच्या हातात नसतेच. मान्यताप्राप्त प्रशिक्षण कार्यक्रमातून किमान 12 महिने समुद्रावर काढायचे, त्यात किमान 6 महिने ब्रिजवर देखरेखीखाली वॉच करायची, ट्रेनिंग रेकॉर्ड बुक भरायचं आणि मग परीक्षा. सीओसी ही प्रशिक्षण संस्था देत नाही, देशाचं सागरी प्रशासन देतं. ती पाच वर्षांनी टिकवायची तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, वैध वैद्यकीय सर्टिफिकेट. दुसरी, काम चालू असल्याचा पुरावा. त्याचे दोन नेहमीचे मार्ग म्हणजे मागच्या पाच वर्षांत मिळून 12 महिने समुद्रसेवा, किंवा अर्जाच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांत 3 महिने. हे जमलं नाही तर मान्य कोर्स, परीक्षा किंवा जादा अधिकारी म्हणून 3 महिने जहाजावर काढणं, असे आडमार्ग आहेत. ही सेवा त्या सीओसीला साजेशा पदावरची हवी. कॅडेट म्हणून घालवलेले महिने सीओसी मिळवायला कामाला आले, ती टिकवायला येत नाहीत.

तारखांच्या बाबतीत एक फरक जपून ठेवण्यासारखा आहे. सीओसी मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत रीव्हॅलिडेट केली, तर प्रशासन नवी मुदत जुन्या तारखेला जोडून देऊ शकतं, त्यामुळे लवकर अर्ज केल्याचं नुकसान होत नाही. रिफ्रेशरचं तसं नसतं. तिथे साधारणपणे नव्या कोर्सच्या तारखेपासूनच पाच वर्षं मोजतात. वर्षभर आधी रिफ्रेशर केला तर ते वर्ष गेलं. उशीर केला तर काही देशांत रिफ्रेशरचा लहान कोर्स चालत नाही, मूळ कोर्स पुन्हा करायला लावतात.

एक उदाहरण तारखा लावून पाहू. समजा एका मुलाने बेसिक कोर्स 10 जून 2021 ला पूर्ण केला. कॅडेटशिप 2023 मध्ये संपली. प्रगत अग्निशमन आणि बोटीचा कोर्स फेब्रुवारी 2024 मध्ये झाले. 15 मे 2024 ला सीओसी मिळाली, तिच्यावर 14 मे 2029 लिहिलंय. नव्या थर्ड ऑफिसरला जागा मिळायला वेळ लागतो, तसा याला पहिला करार फेब्रुवारी 2026 चा मिळतो, सहा महिन्यांचा. तो निर्धास्त आहे, सीओसीला अजून तीन वर्षं आहेत. पण त्याचा बेसिकचा पाणी आणि आगीचा पुरावा 9 जून 2026 ला संपतो, करार चालू असताना. क्रूइंगच्या ऑफिसला तारखेत हे दिसलं तर ते साइन ऑन करत नाहीत, आणि दिसलं नाही तर एखाद्या बंदरात तपासणी अधिकाऱ्याला दिसेल. तेव्हा जहाजाच्या नावावर त्रुटी नोंदली जाते आणि मुलाला घरी परतावं लागू शकतं. म्हणून त्याने डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही रिफ्रेशर करून घ्यायचे. सहा महिने हातचे जातात, पण करार सलग होतो. सर्टिफिकेटवर संपण्याची तारीखच छापलेली नसेल, तर कोर्स पूर्ण झाल्याच्या तारखेपासून पाच वर्षं मोजायची. तारीख नाही म्हणजे कायमचं, असं समजू नये.

पुढे तो 2027 मध्ये पाच महिने जहाजावर जातो आणि नंतर दीड वर्ष किनाऱ्यावर राहतो. 2029 उजाडतं. सीओसीवरची सेवा 11 महिने भरते, 12 ला एक कमी. सहा महिन्यांतल्या 3 महिन्यांचा मार्ग तर रिकामाच आहे. नवे रिफ्रेशर 2030 पर्यंत चालतील, पण त्यांनी हा एक महिना भरत नाही. तो जानेवारी ते एप्रिल 2029 असा करार घेतो. इथे दुसरा पेच समोर येतो. प्रगत अग्निशमन आणि बोटीचा कोर्स फेब्रुवारी 2024 चे, म्हणजे तेही याच करारात संपणार. काही देशांत प्रगत अग्निशमनाच्या रिफ्रेशरमध्ये बेसिकची आगही धरतात, पण बेसिकमधून प्रगत धरत नाहीत. म्हणजे जहाजावर जाण्याआधी या दोघांसाठी पुन्हा संस्थेत जावं लागतं.

वैद्यकीय सर्टिफिकेट या सगळ्यात स्वतःच्या गतीने चालतं. ते जास्तीत जास्त 2 वर्षांचं, 18 वर्षांखालच्यांना 1 वर्षाचं. प्रवासात संपलं तर डॉक्टर मिळेल अशा पुढच्या बंदरापर्यंत ते चालतं, पण 3 महिन्यांच्या वर नाही. ही सवलत फक्त वैद्यकीय सर्टिफिकेटची आहे. रिफ्रेशरची मुदत वाढवून घ्यायला ती दाखवता येत नाही.

आपला मुलगा एप्रिल 2029 च्या शेवटी उतरतो, तेव्हा त्याच्याकडे अर्जाच्या लगेच आधीचे 3 महिनेही असतात आणि पाच वर्षांतले 12 पेक्षा जास्त महिनेही. अर्ज मुदतीच्या आतला असल्यामुळे नवी सीओसी 14 मे 2034 पर्यंत मिळू शकते. त्याच्या बेसिक रिफ्रेशरची पुढची तारीख मात्र डिसेंबर 2030 चीच राहते.