जुना पीसी गेमसाठी जोखताना धूळ, पंखे आणि वाळलेली पेस्ट किती धरायची?

ठाणे-नवी मुंबईत जुन्या पीसीचा बराचसा माल ऑफिसांतून येतो. महापे, ऐरोली, वागळे इस्टेट भागातल्या कंपन्या टॉवर लॉटने काढून टाकतात, दुकानदार त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बसवतो आणि मशीन गेमिंग पीसी म्हणून पुढे जातं. घेणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. पंखा घरघरतोय, आत धुळीचा थर आहे, मग गेम अडखळतो तो मळामुळे की मशीनची कुवतच तेवढी आहे? याचं उत्तर ते हार्डवेअर कोणत्या काळातलं आहे यावर अवलंबून आहे.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे. प्रोसेसरचा वेग ठरलेला असायचा. थंड असो वा गरम, तो त्याच वेगाने चालायचा, आणि फारच तापला तर मशीन हँग व्हायचं किंवा बंद पडायचं. 2000 साली आलेला पेंटियम 4 धोक्याच्या तापमानाला स्वतःहून मंद होत असे, पण ती शेवटची सुरक्षा होती, रोजचं वागणं नव्हे. 'धुळीने मशीन मरतं, स्लो होत नाही' हा समज त्याच काळातला, आणि तेव्हापुरता तो बराचसा खरा होता.

2008 च्या अखेरीस प्रोसेसरमध्ये टर्बो, म्हणजे वाव असेल तेव्हा वेग आपोआप वाढवण्याची सोय, आला आणि मार्च 2012 मध्ये जीटीएक्स 680 सोबत ग्राफिक्स कार्डांतही बूस्ट आला. तेव्हापासून कार्डाला दोन वेग मिळाले. एक किमान हमीचा, दुसरा परिस्थिती चांगली असेल तेव्हाचा. परिस्थिती म्हणजे मुख्यतः वीज आणि तापमान. पंख्याची तब्येत थेट फ्रेमरेटमध्ये दिसू लागली ती इथून.

हे सगळ्यात उघडं पडलं ऑक्टोबर 2013 मध्ये, एएमडीच्या आर9 290एक्स या ग्राफिक्स कार्डाच्या वेळी. या प्रकरणावर थोडं थांबायला हवं, कारण जुन्या मशीनबद्दलचा आपला प्रश्नही त्याच मुळाचा आहे. कार्डाचा वेग 1000 मेगाहर्ट्झ 'पर्यंत' असा जाहीर झाला होता. चिप 95 अंशांवर चालू द्यायची, पंखा शांत मोडमध्ये 40 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि एवढ्यात भागलं नाही तर चिपचा वेग उतरवायचा, असं कंपनीचं धोरण होतं. म्हणजे कार्ड किती पळणार हे पंख्याच्या मर्यादेवर ठरत होतं. परीक्षणासाठी पाठवलेली कार्डं आणि दुकानातून घेतलेली कार्डं शेजारी ठेवल्यावर काही ठिकाणी दुकानातली हळू निघाली. एक कारण साधं होतं. 40 टक्के हा पंख्याला दिलेला आदेश आहे, त्याचे प्रत्यक्ष फेरे नव्हेत. त्याच आदेशावर एक पंखा जास्त फिरायचा, दुसरा कमी. नोव्हेंबरमध्ये नवा ड्रायव्हर आला आणि त्याने टक्केवारी सोडून फेरेच बांधून दिले, शांत मोडसाठी मिनिटाला 2200.

हे कोऱ्या कार्डांचं झालं. त्यांच्यातच पंख्यागणिक फरक पडत असेल, तर आठ-नऊ वर्षं चाललेल्या, बेअरिंगमधलं वंगण सुकलेल्या पंख्याचं काय होत असेल? सॉफ्टवेअरमध्ये 70 टक्के दिसतं, पातं मात्र निम्म्या वेगाने फिरतं. म्हणून जुनं कार्ड तपासताना टक्के पाहण्यात अर्थ नाही, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे पाहा. त्यावेळी अनेकांनी त्या कार्डालाच नापास केलं. माझ्या मते तो निकाल चुकीच्या भागावर लागला. चिप तीच होती. चांगला कूलर लावलेली कार्डं आली तेव्हा ती पूर्ण वेगाने चालली.

आता आपल्या बाजारातला नेहमीचा जोड घेऊ. आय5-3470 प्रोसेसरचा ऑफिस टॉवर, आत जीटीएक्स 1060 कार्ड. घणसोलीत एका विद्यार्थ्याने घेतलेलं असंच मशीन मी उघडलं. खाडीची दमट हवा आणि एमआयडीसीची धूळ मिळून हीटसिंकच्या पट्ट्यांवर नमद्यासारखा थर बसला होता आणि कार्डाच्या दोन पंख्यांपैकी एक अडकलेला होता. वीस मिनिटं गेम चालवल्यावर कार्ड 83 अंशांवर टेकलं आणि वेग 1550 मेगाहर्ट्झच्या आसपास आला. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या GPU-Z या सॉफ्टवेअरमध्ये PerfCap Reason समोर Thrm दिसत होतं, म्हणजे कार्ड तापमानामुळेच अडलं होतं. सफाई, चिप आणि हीटसिंकमध्ये नवी पेस्ट आणि नवे पंखे झाल्यावर तेच कार्ड 69 अंशांवर राहिलं आणि वेग 1850 च्या पुढे गेला. मोकळ्या मैदानातल्या दृश्यात 47 ऐवजी 54 फ्रेम मिळू लागल्या. वेग जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढला, फ्रेम त्याहून कमी, कारण मेमरीचा वेग होता तोच राहिला.

प्रोसेसरची गोष्ट अगदी उलटी निघाली. तो आधी 88 अंशांवर होता, नंतर 66 वर आला. आकडा पाहून कुणालाही वाटेल की मोठा फायदा झाला असणार. पण या पिढीच्या चिपची मर्यादा 105 अंशांची आहे आणि तिच्याआत ती ठरलेल्या टर्बोवरच चालते. चारही कोर कामाला लागले की 3.4 गिगाहर्ट्झ. 88 वर तेवढेच, 66 वर तेवढेच. शहराच्या गर्दीतल्या दृश्यात प्रोसेसर 100 टक्क्यांवर जाऊन गेम जसा आधी अडखळत होता तसाच नंतरही अडखळला. चार कोर आणि चारच थ्रेड ही त्याची खरी हद्द आहे, आणि कितीही ब्लोअर मारला तरी ती हलत नाही.

म्हणून मळलेल्या मशीनवर टेस्ट घेऊन 'हे आता गेमचं राहिलं नाही' म्हणणं मला मान्य नाही. साधारण हजार रुपयांच्या पेस्ट-पंख्यांनी परत मिळणारा वेग मशीनच्या खात्यावर धरायलाच हवा. फक्त तो कार्डाच्या बाजूला मिळतो आणि त्याला मर्यादा आहे. तापमान आटोक्यात, क्लॉक पूर्ण, कार्ड 99 टक्क्यांवर आणि तरी फ्रेम कमी, असं दिसलं तर धुळीला दोष देण्यात अर्थ नाही.

दोष धुळीचा की पेस्टचा, हे मशीन न उघडताही बरंचसं कळतं. लोड दिल्यावर तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत गेलं आणि मागून येणारी हवा चटका देणारी असली, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतेय पण बाहेर निघत नाही. तिथे धूळ किंवा पंखा पाहावा. तापमान काही सेकंदांत उसळलं, हवा मात्र कोमटच, आणि लोड काढताच आकडा तसाच कोसळला, तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट गेलेली आहे. ही तपासणी मे महिन्यात केली तर खोलीचं तापमान लक्षात ठेवा. खोली दहा अंशांनी तापलेली असेल तर आतले आकडेही साधारण तेवढेच वर जातात.

एका जागी मात्र सफाईचा हात पोचत नाही. 2011 च्या पिढीत या टॉवरमधल्या प्रोसेसरवरचं धातूचं झाकण चिपला सोल्डरने जोडलेलं असे. 2012 च्या पिढीपासून, म्हणजे आय5-3470 पासूनच, त्या जागी पेस्ट आली, आणि या निर्णयावर तेव्हा भरपूर टीका झाली. झाकणावरची पेस्ट बदलली, कूलर स्वच्छ केला आणि तरीही चिप लोड येताच शंभराच्या जवळ उसळत असेल, तर झाकणाखालचा थर वाळलेला असण्याची शक्यता मोठी आहे. झाकण उकलून तो बदलता येतो, पण त्यात चिप जायचा धोका असतो आणि एवढ्या स्वस्त प्रोसेसरसाठी ते कुणी करत नाही. तिथे सरळ दुसरा प्रोसेसर बघावा आणि त्याची किंमत घासाघीस करताना मशीनच्या भावातून वजा करावी.