लाइक कुणाला दिसतो? एका संशयाची पार्श्वभूमी

समजा, एका विवाहित माणसाने रात्री साडेअकराला कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणीच्या तीन वर्षांपूर्वीच्या फोटोला लाइक दिला. एवढंच. मेसेज नाही, भेट नाही. हा लाइक त्याच्या बायकोला कळेल का, आणि कळला तर कुठून, याचं उत्तर कोणत्या वर्षी विचारता यावर अवलंबून आहे. २०१५ मध्ये एक, २०२० मध्ये दुसरं, २०२५ मध्ये तिसरं. माणसं फारशी बदललेली नाहीत. बदलत गेली ती पडद्यावर काय दाखवायचं याची गणितं, आणि ती कंपन्यांनी नवरा-बायकोंचा विचार करून ठरवलेली नव्हती.

फेसबुक २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा दुसऱ्याचं काय चाललंय हे पाहायला त्याच्या पानावर स्वतः जावं लागे. पाहायचं ठरवलं तरच दिसायचं. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आलं आणि हे उलटं झालं. मित्रांच्या बारीकसारीक हालचाली, कोण कुणाचा मित्र झाला, कुणी नात्याचं स्टेटस बदललं, हे आपोआप समोर येऊ लागलं. त्यावर वापरणाऱ्यांनी मोठा गदारोळ केला, विरोधाच्या गटांत काही दिवसांत लाखो लोक सामील झाले. गंमत अशी की माहिती आधीही लपवलेली नव्हती. ती न मागता हातात येऊ लागली, एवढाच फरक होता. पण संशयाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण पाळत ठेवायला आधी मनाशी ठरवावं लागतं आणि फीड पाहायला काहीच ठरवावं लागत नाही.

याचं पहिलं ठळक उदाहरण पुढच्याच वर्षी घडलं. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने ‘बीकन’ नावाची सोय आणली. बाहेरच्या वेबसाइटवर केलेली खरेदी मित्रांच्या फीडमध्ये दिसू लागली. अमेरिकेतल्या एका गृहस्थाने बायकोला नाताळची भेट म्हणून हिऱ्याची अंगठी घेतली. बातमी तिच्यासकट सगळ्या मित्रांना गेली, आणि ही अंगठी कुणासाठी, असं तिनेच विचारलं. गुन्हा काहीच नव्हता, उलट प्रेमच होतं. पण खरेदीची बातमी संदर्भाविना पोहोचली की प्रश्न हाच उभा राहतो. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००९ मध्ये बीकन बंद झालं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत फेसबुकवर लाइकचं बटण आलं. एका बोटाची ही खूण अनेक अर्थांची आहे. ‘पाहिलं’, ‘आवडलं’, ‘अभिनंदन’, ‘मी अजून आहे’, ‘चुकून लागलं’, या सगळ्यांना एकच चिन्ह. बोलताना आवाज आणि चेहरा अर्थ पक्का करतात, इथे तो पाहणाऱ्याने भरायचा असतो. आणि ज्याच्या मनात आधीच धाकधूक आहे, तो सर्वांत वाईट अर्थ भरतो.

२००९ मध्येच कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या एमी म्यूज, एमिली क्रिस्टोफिडीस आणि सर्ज देमारे यांनी तीनशेहून थोड्या अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवर जास्त वेळ जाणाऱ्यांमध्ये जोडीदाराबद्दलची असूयाही जास्त आढळली. स्वभावातला मत्सर आणि नात्यातला विश्वास यांचा हिशेब बाजूला काढल्यावरही हा संबंध उरला. संशोधकांनी एक चक्र सुचवलं: अर्धवट माहिती दिसते, त्यातून शंका येते, शंका फेडायला माणूस पुन्हा पाहायला जातो, आणि तिथे आणखी अर्धवट माहिती मिळते. अभ्यास विद्यार्थ्यांपुरता होता आणि आधी काय नि नंतर काय हे त्यातून पक्कं सांगता येत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरी ज्याने कधी रात्री जोडीदाराच्या फोटोखालची नावं एकेक करून उघडली आहेत, त्याला हे चक्र समजावून सांगावं लागणार नाही.

आता आपल्या साडेअकराच्या लाइककडे येऊ. २०११ पासून इन्स्टाग्रामवर हृदयाच्या खुणेमागे ‘फॉलोइंग’ नावाचा एक कप्पा होता. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांनी कुठल्या फोटोला लाइक दिला, कुणाला नव्याने फॉलो केलं, हे त्यात ओळीने येई, किती वेळापूर्वी तेही. म्हणजे २०१५ मध्ये त्याच्या बायकोला सकाळी चहाआधीच कळलं असतं. आणि नवऱ्याला बहुधा ठाऊकही नसतं की तिला कळलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने हा कप्पा काढून टाकला. कारण असं दिलं की पुष्कळांना तो आहे हेच माहीत नव्हतं, आणि आपल्या हालचाली इतरांना दिसतात हे कळल्यावर ते चकित व्हायचे. आठ वर्षं एकाला वाटत होतं की आपण खाजगीत वावरतोय आणि दुसऱ्याकडे त्याची नोंदवही होती. माझ्या मते लाइकवरून झालेल्या भांडणांचं मूळ बेवफाईपेक्षा या असमान माहितीत जास्त आहे.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. ‘लपवलेले लाइक’ म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. इन्स्टाग्रामने एप्रिल २०१९ मध्ये कॅनडात चाचणी जाहीर केली आणि मे २०२१ मध्ये सर्वांना पर्याय दिला, तो लाइकचा आकडा लपवण्याचा. फोटोला किती लाइक मिळाले यावरून होणारी तुलना आणि दडपण कमी व्हावं, हा हेतू होता. कुणी लाइक दिला हे त्याने लपत नाही. नावांची यादी उघडता येतेच. दुसरी गोष्ट म्हणजे ‘हा माणूस कशाकशाला लाइक देतो’ ही नोंद लपणं. एक्सने, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने, जून २०२४ मध्ये हे सर्वांसाठी केलं. तोवर प्रत्येकाच्या प्रोफाइलवर लाइकचा उघडा कप्पा असे. आता पोस्ट लिहिणाऱ्यालाच लाइक देणाऱ्यांची नावं दिसतात. त्यामुळे ‘त्याने लाइक लपवलेत’ हा आरोप ऐकला की आधी विचारावं, कुठल्या ॲपवर आणि कुठले? पुष्कळदा त्या माणसाने काहीच केलेलं नसतं, कंपनीने केलेलं असतं.

मग २०२० मध्ये त्या माणसाच्या बायकोला इन्स्टाग्रामवर काय दिसलं असतं? ती स्वतः त्या मैत्रिणीच्या फोटोपर्यंत गेली आणि यादी उघडली, तरच नवऱ्याचं नाव. त्याने दिलेल्या साऱ्या लाइकची यादी फक्त त्याच्याच खात्यात, म्हणजे त्याच्या फोनमध्ये. उघडी खिडकी बंद झाली, पण शंका बंद झाली नाही. ती फोनकडे वळली. प्यू संशोधन केंद्राने ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत नात्यात असलेल्यांपैकी ३४ टक्के लोकांनी कबूल केलं की जोडीदाराच्या नकळत त्याचा फोन पाहिला आहे. ज्यांचा जोडीदार सोशल मीडिया वापरतो त्यांच्यातल्या २३ टक्के लोकांना त्याच्या तिथल्या वागण्यामुळे कधी ना कधी असूया किंवा असुरक्षितता वाटली होती. तिशीच्या आतल्यांमध्ये हेच प्रमाण ३४ टक्के होतं.

लपवण्याची सोय स्वतःच पुरावा कशी बनते, हे व्हॉट्सॲपने शिकवलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आल्या आणि थोड्याच दिवसांत त्या बंद करण्याची सोयही. अट अशी की तुम्ही बंद केल्या तर दुसऱ्याच्याही तुम्हाला दिसणार नाहीत. न्याय्य वाटते अट. पण घरात तिचा परिणाम वेगळा होतो. काल निळ्या होणाऱ्या खुणा आज राखाडीच राहिल्या की ‘वाचलं नाही’ यापेक्षा ‘बंद का केलं?’ हा प्रश्न मोठा होतो. ‘लास्ट सीन’चंही तेच. ज्याने पहिल्यापासून लपवलं त्याला कुणी विचारत नाही, ज्याने मध्येच लपवलं त्याला उत्तर द्यावं लागतं.

जुन्या प्रेमाचा धागा याहून जुना आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये क्लासमेट्स आणि ब्रिटनमध्ये २००० मध्ये फ्रेंड्स रीयुनायटेड या साइट शाळासोबत्यांना शोधायला निघाल्या. त्यातून संसार मोडल्याच्या बातम्या लवकरच छापून येऊ लागल्या. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी कॅलिश १९९३ पासून पुन्हा भेटलेल्या प्रेमिकांचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या सुरुवातीच्या नोंदींतली बहुतेक माणसं एकटी, घटस्फोटित किंवा विधुर-विधवा होती. त्यांनी मुद्दाम शोध घेतला होता आणि अनेकांचं पुढे जमलंही. इंटरनेट घरोघरी पोहोचल्यावर चित्र पालटलं. सुखाने संसार करणारी माणसं, प्रेम वगैरे काही शोधत नसताना, सहज ‘काय करतेस हल्ली’ म्हणून लिहू लागली आणि गुंतली. शोधायला पूर्वी कष्ट पडत, आणि ते कष्टच चाळणीचं काम करत होते.

२००८ मध्ये फेसबुकवर ‘पीपल यू मे नो’ आलं आणि शोधण्याचीही गरज उरली नाही. सामायिक मित्र, फोनमधून चढवलेले नंबर, यांवरून नावं सुचवली जातात. नंबर तुम्हीच चढवलेला असायला हवा असंही नाही; समोरच्या व्यक्तीने आपली संपर्कयादी चढवली असेल तरी तिचं नाव तुमच्यापुढे येऊ शकतं. म्हणून नवऱ्याच्या फोनवर सुचवण्यांत जुन्या मैत्रिणीचं नाव दिसलं, याचा अर्थ त्याने तिला शोधलं असा काढता येत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये फेसबुकने नातं तुटल्यावर पूर्वीच्या जोडीदाराच्या पोस्ट आणि फोटो कमी दिसावेत म्हणून वेगळी सोय केली. यंत्र काय समोर आणतं याचा त्रास कंपनीलाही कळला होता, एवढं त्यातून दिसतं.

पोस्ट करण्याबद्दल थोडक्यात. पूर्वी ‘फोटो का टाकलास’ यावरून भांडण होई. इन्स्टाग्रामवर स्टोरी २०१६ मध्ये आणि ‘क्लोज फ्रेंड्स’ २०१८ मध्ये आल्यापासून ‘कुणाला दाखवलास’ हा प्रश्न आला. पोस्ट एकच नाही, प्रेक्षक निवडून केलेल्या अनेक आहेत, आणि आपण कुठल्या यादीत नाही हे जोडीदाराला कळायला मार्ग नसतो, तिसऱ्याने सांगेपर्यंत.

या सगळ्यावरून ‘फेसबुकमुळे पाचातला एक घटस्फोट’ असा आकडा आजही फिरतो. तो २००९ चा, ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन घटस्फोट-सेवेचा आहे. त्यांनी स्वतःकडच्या सुमारे पाच हजार अर्जांत ‘फेसबुक’ हा शब्द शोधला आणि तो वीस टक्क्यांत सापडला. कारण म्हणून नव्हे, उल्लेख म्हणून. आधीच मोडलेल्या संसारातही पुरावा म्हणून फेसबुकचं पान जोडलं जातंच.

आणि तो साडेअकराचा लाइक? २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने रील्समध्ये ‘फ्रेंड्स’ कप्पा आणला. मित्रांनी कुठल्या रीलला लाइक दिला हे त्यात पुन्हा दिसू लागलं. २०१९ मध्ये जे काढलं त्याचा एक तुकडा परत आला, यावेळी आपले लाइक त्यातून वगळण्याच्या सेटिंगसह. म्हणजे आता जुन्या मैत्रिणीच्या फोटोवरचा लाइक या कप्प्यात येत नाही, तिच्या रीलवरचा येऊ शकतो, आणि सेटिंग बदललं तर तोही नाही. मग सेटिंग कधी बदललं, हा प्रश्न उरतोच.