पालकांचं संमतीपत्र: परवानगी, संमती आणि ‘ना हरकत’ यांचा गुंता

नाशिकच्या शाळांत बीएड-एमएडची मंडळी संशोधनाला येतात तेव्हा बऱ्याचदा एकच कागद हलतो, मुख्याध्यापकांच्या परवानगीचा. पण ती परवानगी वर्गात पाय ठेवायची असते, मुलांची माहिती गोळा करायची नसते, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

माणसांवरच्या प्रयोगांसाठी केलेल्या 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेत संमती ज्याची त्यानेच द्यायची होती, मग मुलांचं काय? मुलांवरच्या संशोधनासाठीच्या अमेरिकेच्या 1983 च्या नियमांनी शब्दच वेगळे केले. मोठ्या माणसाची ती कन्सेंट, मुलासाठी पालक देतात ती परमिशन आणि मुलाचा स्वतःचा होकार म्हणजे असेंट. कारण साधं आहे, दुसऱ्याच्या वतीने कन्सेंट देताच येत नाही. मराठीत आपण या तिन्हीला ‘संमती’ म्हणून मोकळे झालो आणि मुलाचा होकार कागदावरून गायबच झाला. आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधनाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 7 ते 12 वयाला तोंडी होकार आणि 12 ते 18 ला लेखी होकार असं स्पष्ट आहे, तरी वर्गातल्या अभ्यासात ते क्वचितच दिसतं.

त्यात फॉर्मवर सरकारी पत्राचं वाक्य येतं, ‘पाल्याच्या सहभागास माझी कोणतीही हरकत नाही’. हरकत नाही म्हणजे हो नव्हे! ‘फॉर्म परत आला नाही तर होकार धरू’ ही पद्धतही याच धर्तीची, आणि मला ती अजिबात पटत नाही. दिवाळीनंतर सुरगाणा-पेठकडचे पालक दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत कामाला असतात, उजाडायच्या आत घर सोडतात, कागद दप्तरातच राहतो, त्याला होकार कसं म्हणायचं?

समजा चौथीच्या वर्गात 40 मुलं आहेत आणि वाचनाचा अभ्यास करायचाय. 28 फॉर्म ‘हो’ म्हणून आले, 3 ‘नाही’, 9 आलेच नाहीत. मग रेकॉर्डिंग 28 चंच, तेही त्या मुलाने ‘चालेल’ म्हटलं तर. उरलेली 12 मुलं धडा सगळ्यांबरोबरच शिकतील, फक्त त्यांचा आवाज किंवा मार्क संशोधनाच्या वहीत उतरवायचे नाहीत. 9 घरी बाई संध्याकाळी फोन करून माहितीपत्रक वाचून दाखवू शकतात, पण त्याच बाई संशोधक असतील तर फोन दुसऱ्या कुणी करावा, कारण वर्गशिक्षिकेला नाही म्हणणं पालकांना जड जातं.

आणि पत्रकात ‘ध्वनिमुद्रण व गोपनीयता’ असलं काही नको, सरळ लिहायचं: ‘तुमचं मूल वाचतं तो आवाज मोबाइलवर 10 मिनिटं रेकॉर्ड करू. नाव लिहिणार नाही, नंबर देऊ. तुम्ही नाही म्हणालात तरी मार्क कमी होणार नाहीत. आज हो म्हणून उद्या नाही म्हटलं तरी चालेल, रेकॉर्डिंग पुसून टाकू.’ खाली सहीच्या दोन जागा, ‘हो’ ची आणि ‘नाही’ ची, आणि मुलाने काय सांगितलं त्याची एक वेगळी ओळ.