किलोभर चरबी आणि काट्यावरचा किलो

नागपुरात आहार सल्ला देताना एक आकडा मला वारंवार ऐकू येतो, ७,७०० कॅलरी वाचल्या म्हणजे एक किलो उतरला. परवा एक गृहस्थ वही घेऊनच आले. वजन ८२ होतं. संध्याकाळी ऑफिसातून निघताना तर्री ओतलेला आलूबोंडा खायचे, तो बंद केला. दिवसाला अंदाजे २५० कॅलरी वाचल्या. वहीत हिशेब मांडला होता: सहा महिन्यांत सहा किलो, वर्षात बारा. सहा महिने झाले आणि काटा दाखवतोय ७९.

"मॅडम, खरंच सांगतो, चोरून काहीच नाही खाल्लं नं!"

माझा त्यांच्यावर विश्वास आहे. गोंधळ त्यांच्या वहीत नाही, 'किलो' या शब्दात आहे.

आधी चरबीचा किलो पाहू. शरीरातली चरबी म्हणजे डब्यातलं निव्वळ तूप नव्हे. त्या पेशीजालात थोडं पाणी आणि प्रथिनंही असतात, त्यामुळे किलोमागे खरा स्निग्धांश ८७० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या की ७,८०० च्या जवळपास येतं. मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरने १९५८ साली असाच हिशेब पौंडात मांडला आणि पौंडाला ३,५०० कॅलरी हा आकडा रूढ झाला. किलोत तो ७,७०० होतो. म्हणजे एक किलो चरबीत किती ऊर्जा साठलेली आहे, याचं उत्तर म्हणून तो आकडा चुकीचा नाही.

काट्यावरचा किलो मात्र वेगळा. या गृहस्थांनी पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात भातही सोडला होता आणि दीड किलो उतरलं. नियम खरा मानायचा तर सात दिवसांत साडेअकरा हजार कॅलरींची तूट पडायला हवी. आलूबोंडा आणि भात मिळूनही एवढं होत नाही. झालं असं, की भात कमी झाल्यावर यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, साठा उतरला. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. तेही गेलं. भात पुन्हा सुरू झाला तसं त्यातलं बरंचसं परतलं. सावजीचं जेवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी किलोभर वाढ दिसते तीसुद्धा मुख्यतः मीठ-पाण्याची. एका रात्रीत कोणी पोटभर जेवणाच्या वर ७,७०० कॅलरी खात नाही, अगदी लग्नातही नाही!

पण पाण्याचा घोळ काही आठवड्यांचा. खरी फसगत पुढे आहे. वहीतला हिशेब धरून चालतो की २५० ची तूट रोज २५० च राहील. तसं असतं तर तीन वर्षांत हे गृहस्थ ४६ किलोचे झाले असते आणि सात वर्षांनी काट्यावर उभं राहायला कोणी उरलंच नसतं.

शरीर लहान झालं की त्याचा खर्चही कमी होतो. फुटाळा तलावाला तोच फेरा मारायला ८२ किलोच्या देहाला जितकी ऊर्जा लागते, तितकी ७९ किलोच्या देहाला लागत नाही. झोपेतला खर्चही थोडा घटतो. केविन हॉल या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यासाठी ढोबळ नियम दिला: जादा वजनाच्या प्रौढ माणसात उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च साधारण २४ कॅलरींनी घटतो. आता वही पुन्हा मांडू. तीन किलो उतरले, म्हणजे खर्च ७२ ने घटला. २५० ची तूट आता १७८ वर आली. दहा-साडेदहा किलो उतरले की ती शून्यावर येईल आणि वजन तिथेच थांबेल. त्यातलं निम्मं साधारण वर्षभरात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत उतरतं. म्हणजे पहिल्या वर्षात बारा नव्हे, पाच. त्या हिशेबाने सहा महिन्यांत तीन किलो म्हणजे गाडी वेळेवर आहे.

हा सरासरीचा अंदाज आहे, हे मी त्यांना सांगितलं. कोणाचं चालणं नकळत कमी होतं, कोणाची भूक वाढते, मग आकडा सरकतो. पण जुन्या नियमावर विसंबलेला माणूस अशा वेळी एक चूक हमखास करतो: काटा मंदावला की जेवण निम्मं करतो, दोन आठवड्यांनी भुकेने हरतो आणि मग आलूबोंडाही परत येतो.

काटा पाण्यामुळे हलतोय की चरबीमुळे, हे एका सकाळच्या वजनावरून कळत नाही. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी वजन करायचं आणि आठवड्याची सरासरी काढून मागच्या महिन्याशी ताडायची. सोबत बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर महिन्यातून एकदा. गृहस्थांनी पट्टा दाखवला, दोन भोकं आत गेला होता. मग वहीतलं 'बारा' खोडून तिथे 'पाच' लिहिलं, आणि विचारलं, "रविवारी एक आलूबोंडा चालेल का?"

चालेल म्हटलं. तर्री कमी.