एक्स-रे नॉर्मल, तरी कंबर आखडलेली

समजा, २७ वर्षांच्या तरुणाची कंबर आठ महिने दुखते आहे. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, उठून फेऱ्या मारल्या की बरे वाटते आणि सकाळी तासभर पाठ ताठच असते. कमरेच्या एमआरआयमध्ये चकती थोडी फुगलेली दिसते, म्हणून ‘गादी सरकली’ असे सांगून त्याला आराम करायला लावतात. आरामाने दुखणे वाढते, आणि अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या पाठीच्या कण्याला सूज आणणाऱ्या आजाराची खूण नेमकी तीच असते.

या आजारात सूज सहसा आधी त्रिकास्थी आणि नितंबाच्या हाडामधल्या, म्हणजे सेक्रोइलियाक सांध्यांत येते. १९८४च्या सुधारित न्यूयॉर्क निकषांत याच सांध्यांच्या एक्स-रेवर भर होता: दोन्ही बाजूंना किमान दुसऱ्या श्रेणीचा बदल, किंवा एका बाजूला तिसऱ्या वा चौथ्या श्रेणीचा. अडचण अशी, की एक्स-रेमध्ये सूज दिसत नाही, सुजेने हाडाची केलेली झीज दिसते. आणि ती दिसेपर्यंत कित्येकदा वर्षे निघून जातात.

१९७३ मध्ये एचएलए-बी२७शी असलेला संबंध कळला खरा, पण हा जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही. त्यामुळे रुग्णाची हकिगत महत्त्वाचीच राहिली. २००६च्या बर्लिन निकषांत चार प्रश्न आहेत: सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो का, हालचालीने बरे वाटून आरामाने वाटत नाही असे आहे का, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते का, नितंब आलटूनपालटून दुखतात का. दोनांना ‘हो’ आले तर दुखणे सुजेचे असण्याची शक्यता वाढते. या तरुणाची तीन उत्तरे ‘हो’ आहेत.

२००९ मध्ये तज्ज्ञांच्या एएसएएस या गटाने एमआरआयला निकषांत जागा दिली. मात्र एमआरआय सेक्रोइलियाक सांध्यांचा, सूज उठून दिसणाऱ्या एसटीआयआर क्रमासह सांगावा लागतो; नुसत्या कमरेच्या एमआरआयमध्ये हे सांधे नीट येतच नाहीत. सांध्यालगतच्या हाडाच्या मज्जेतली सूज एका छेदात दोन ठिकाणी किंवा लागोपाठच्या दोन छेदांत दिसायला हवी. इथेही फसगत होते: अशी सूज धावपटूंत आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांतही दिसते. हकिगत जुळत नसेल तर निव्वळ अहवालावर निदान करू नये.

औषधांत पहिली पायरी वेदनाशामक सूजरोधकांची, व्यायामासह. त्यांनी भागत नसे, तेव्हा पूर्वी हाती फारसे काही उरत नव्हते. २००२ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या, सूज वाढवणारा टीएनएफ हा रेणू अडवणाऱ्या इंजेक्शनची चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांत औषध घेणाऱ्या ३४ पैकी १८ जणांत आजाराची तीव्रता निम्म्याने उतरली, औषधाऐवजी प्लासिबो घेणाऱ्या ३५ पैकी तिघांतच. पण हाच रेणू क्षयाचे जंतू कोंडून ठेवतो. तो अडवला की दबलेला क्षय उसळू शकतो. म्हणून भारतात इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी माँटू ही त्वचेची किंवा आयजीआरए ही रक्ताची तपासणी करतात. सुप्त क्षय आढळला तर आधी त्याचे उपचार सुरू करतात, आणि साधारण महिनाभरानंतर हे बायोलॉजिक इंजेक्शन.