दिवाळीत रखडलेली पार्सलं: शोध, परत मागवणं आणि भरपाईचा अर्ज

सांगली, १७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

आमच्या काउंटरवर ९ ऑक्टोबरपासून बुक झालेली बरीच पार्सलं सांगितलेल्या दिवशी पोचलेली नाहीत. आम्ही तुमची मनापासून माफी मागतो. गर्दी दरवर्षीच असते, तिच्याबद्दल ही माफी नाही. आमची पार्सलं जिथून वेगवेगळ्या गाड्यांनी पुढं जातात तो कोल्हापूरचा हब तुंबायला लागल्याचं आम्हाला ९ तारखेलाच कळलं होतं. तरीही ९ ते १२ असे चार दिवस आम्ही ‘तीन दिवसांत पोचेल’ असंच सांगत राहिलो आणि एक्स्प्रेसचे पैसे घेत राहिलो. ती आमची चूक आहे. त्या चार दिवसांतल्या बुकिंगच्या भरपाईचा नियम म्हणूनच खाली वेगळा दिला आहे.

आधी तुमचं पार्सल नेमकं कुठं अडकलंय ते ओळखा, कारण त्यावरून कुठला अर्ज करायचा ते ठरतं.

पार्सल काउंटरवरून निघताना एकटं जात नाही. एका गावाची दहा-पंधरा पार्सलं एका मोठ्या बॅगेत भरतात, बॅगेला सील आणि नंबर लावतात आणि तिची यादी करतात. या यादीला आम्ही मॅनिफेस्ट म्हणतो. हबमध्ये पुढं स्कॅन होते ती बॅग, आतला प्रत्येक खोका नाही. मॅनिफेस्ट तयार झालं की ट्रॅकिंगवर ‘रवाना’ दिसायला लागतं. पण गाडी भरली आणि बॅग फलाटावरच राहिली, तरी स्क्रीनवरचा शब्द बदलत नाही. या दिवाळीत बहुतेकांची फसगत इथंच झाली. म्हणून शेवटची नोंद ‘रवाना’ असेल आणि त्यानंतर ४८ तासांत पुढच्या हबची ‘पोचले’ ही नोंद आली नसेल, तर बॅग मागेच राहिली असावी असं समजा आणि शोध अर्ज द्या. घेणाऱ्याच्या शहरातल्या हबची ‘पोचले’ ही नोंद दिसत असेल पण ‘डिलिव्हरीसाठी बाहेर’ दिसत नसेल, तर खोका त्या शहरात आहे, वाटणारी माणसं कमी पडताहेत. अशा वेळी अर्जाने फार फरक पडत नाही. घेणाऱ्याचा चालू मोबाइल नंबर आणि पत्त्याजवळची खूण आम्हाला कळवा, त्याचा जास्त उपयोग होतो.

विमानाने पाठवलेल्या पार्सलांचा प्रकार वेगळा आहे. ‘सुरक्षा तपासणीत रोखले’ असं दिसलं, तर खोक्यात बहुधा अत्तराची बाटली, डिओचा स्प्रे, पॉवर बँक किंवा बॅटरीवरची माळ आहे. अत्तर पेट घेणारं असतं आणि लिथियम बॅटरी गरम होऊ शकते, त्यामुळे एक्स-रेमध्ये दिसताच खोका बाजूला काढतात. उटणं, साबण, पणत्यांच्या भेटखोक्यात एक छोटी अत्तराची कुपी असते, तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. बुकिंगच्या वेळी आम्हीही खोदून विचारायला हवं होतं. अशा पार्सलासाठी पाठवणाऱ्याने आतल्या सगळ्या वस्तूंची यादी सही करून द्यायची. त्यासोबत ‘अडलेली वस्तू काढून बाकीचं पाठवा’ किंवा ‘सगळं रस्त्याने पाठवा’ यांपैकी एक पर्याय लिहून द्यायचा. ही लेखी संमती मिळेपर्यंत हबमध्ये कुणी खोका उघडत नाही. फटाके मात्र कुठल्याही मार्गाने जात नाहीत.

अर्ज कुणी करायचा

बुकिंगच्या पावतीवर ‘प्रेषक’ म्हणून ज्याचं नाव आहे, त्यानेच. पैसे कुणी दिले, याने फरक पडत नाही. बऱ्याच घरांत आई खोका बांधते आणि मुलगा स्वतःच्या नावाने बुक करतो. मग अर्जावर सही मुलाचीच लागते. पार्सल घेणाऱ्याला अर्ज करायचा असेल, तर प्रेषकाने साध्या कागदावर चार ओळींचं अधिकारपत्र लिहून सही करावी. त्याचा फोटो आमच्या काउंटरच्या नंबरवर आला तरी चालतं, तो नंबर पावतीवर आहे.

कागदपत्रं थोडीच आहेत. पावती किंवा तिचा स्पष्ट फोटो आणि प्रेषकाच्या ओळखपत्राची प्रत. आधार देत असाल तर शेवटचे चार अंकच दिसणारं मास्क्ड आधार द्या, पूर्ण नंबर आम्हाला नको. पावती हरवली असेल तर बुकिंगची तारीख आणि तेव्हा दिलेला मोबाइल नंबर सांगा, आम्ही दुसरी प्रत काढून देऊ. भरपाई हवी असेल तर वस्तूंची किंमत लिहिलेली यादीही लागते. विकतच्या वस्तूंची बिलं जोडा. घरच्या फराळाला बिल कुठून असणार? तिथं पदार्थ, वजन आणि अंदाजे किंमत लिहून सही केलेलं निवेदन आम्ही धरतो. पैसे परत घेण्यासाठी रद्द केलेला चेक किंवा यूपीआय आयडी द्या.

अर्जावर तीन चौकोन आहेत: शोध, परत मागवणे, भरपाई. शोध आणि भरपाई एकाच वेळी मागता येतात. ‘परत मागवणे’वर मात्र विचार करून खूण करा. त्यानंतर पार्सल जिथं असेल तिथून उलटं फिरतं, आणि ते येईपर्यंत या गर्दीत आणखी चार-पाच दिवस जातात. मधेच ‘आता पुढंच पाठवा’ म्हटलं तर आम्हाला काही करता येत नाही.

एक उदाहरण सांगतो

विश्रामबागच्या एका मावशींनी ११ तारखेला, शनिवारी, बेंगळुरूला मुलाकडे ४ किलो २०० ग्रॅमचा खोका पाठवला. आत चकली, चिवडा, शंकरपाळी आणि स्टीलच्या डब्यात रवा-नारळाचे लाडू. आम्ही मंगळवार सांगितला. १२ तारखेला ‘कोल्हापूर हबमधून रवाना’ अशी नोंद आली आणि पुढं काहीच नाही. १६ तारखेला सकाळी त्या पावती घेऊन आल्या आणि फक्त एवढंच म्हणाल्या, “खोका कुठं आहे तेवढं खरं सांगा.”

आम्ही शोध अर्ज भरून घेतला आणि पावतीच्या नंबरावरून बॅगेचा नंबर काढला. शोधाची सगळी मदार या नंबरावर असते, कारण पार्सलाचा नंबर सांगून हबमधला माणूस ढिगाऱ्यातून खोका काढू शकत नाही, बॅग मात्र काढू शकतो. संध्याकाळी फोन आला. बॅग बेळगाव-हुबळीकडे जाणाऱ्या गाडीत चढलीच नव्हती, चार दिवस फलाटाच्या कोपऱ्यात पडून होती. त्याच रात्री ती गाडीत गेली. आता १८ तारखेच्या दुपारपर्यंत बेंगळुरूत पोचावी.

आम्ही मावशींना लाडवांचं विचारलं. नारळ ओला होता. आठवडाभर बंद डब्यात राहिलेले ओल्या नारळाचे लाडू खाऊ नयेत असं आम्ही स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी लगेच मुलाला फोन लावला: “लाडू टाकून दे, बाकीचं खा.” पार्सल परत मागवलं नाही, कारण चकली-चिवड्याला काही होत नाही. त्यांनी एक्स्प्रेसचे ५२० रुपये भरले होते, याच वजनाला साध्या सेवेचे ३१० होतात. मधले २१० रुपये त्यांना परत मिळतील, आणि लाडवांची निवेदनात लिहिलेली किंमत वेगळ्या दाव्यात जाईल. तुमच्याही खोक्यात ओला नारळ, खवा किंवा ताजी मिठाई असेल तर अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत ‘नाशवंत’ लिहा. त्या बॅगांचा फोन आम्ही आधी लावतो.

भरपाईत काय बसतं

९ ते १२ ऑक्टोबर या काळात एक्स्प्रेसने बुक झालेलं आणि सांगितलेल्या तारखेनंतर पोचलेलं प्रत्येक पार्सल दरातल्या फरकाला पात्र आहे. कारण द्यावं लागत नाही, डिलिव्हरीनंतर सात दिवसांत अर्ज आला की पुरे. हे पैसे काउंटरच देतो, मुख्य कार्यालयाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

माल फुटला, ओला झाला किंवा हरवला, तर दावा मुख्य कार्यालयाकडे जातो. तिथं तुमची पावती ‘ओनर्स रिस्क’ची आहे की ‘कॅरिअर्स रिस्क’ची, हे पाहतात. पहिल्यात जोखीम तुमची असते आणि पावतीच्या मागे छापलेल्या मर्यादेइतकंच मिळतं. दुसऱ्यात बुकिंगला जास्त पैसे घेतलेले असतात आणि जाहीर केलेली किंमत धरतात. बहुतेक फराळाच्या पावत्या पहिल्या प्रकारच्या आहेत, त्यामुळे पूर्ण किंमत मिळेल असं आम्ही सांगू शकत नाही. भाऊबीजेच्या पाकिटात रोख रक्कम घातली असेल तर तिची भरपाई नाहीच. रोख रक्कम कुरिअरने पाठवायला मनाई आहे.

घेणाऱ्याला आजच एक निरोप द्या. खोका ओला, फाटलेला किंवा दुसऱ्याच रंगाची टेप लावलेला दिसला, तर सही करताना तिथंच ‘खोका ओला’ असं लिहावं आणि उघडण्याआधी चारी बाजूंचे फोटो काढावेत. बाहेरचा पुठ्ठाही टाकू नये. कोऱ्या सहीनंतर आलेला दावा पहिल्याच टेबलावर अडतो. ओटीपी मागितला तर खोका हातात आल्यावरच द्यावा.

नुकसान किंवा गहाळ मालासाठी पुढं कोर्टात जायची वेळ आली, तर कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम १६ नुसार प्रेषकाने बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिलेली असावी लागते. मावशींच्या पार्सलासाठी ही मुदत ९ एप्रिल २०२६ ला संपते. आमच्याकडचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख घेऊन ती जपून ठेवा. आमचं उत्तर पटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

याच दिवसांत ‘तुमचे पार्सल अडकले आहे, पत्ता दुरुस्तीसाठी ५ रुपये भरा’ असे मेसेज फिरत आहेत. ते आमचे नाहीत. रखडलेलं पार्सल सोडवायला आम्ही एक रुपयाही मागत नाही, लिंकवरून तर नाहीच. इंटरनेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरावर फोन करण्याआधी पावतीवरचा नंबर बघा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवा.

महाराष्ट्राबाहेर भाऊबीजेआधी पोचेल अशा बोलीवर आजपासून आम्ही बुकिंग घेत नाही. कुणी घाई केली तरी नाही. काउंटर २० तारखेपर्यंत सकाळी ९ ते रात्री ९ उघडा राहील, लक्ष्मीपूजनाला २१ तारखेला दुपारी १ पर्यंत. २२ ला पाडव्याची सुट्टी. २३ ला नेहमीच्या वेळेत. शोध अर्जांसाठी आतलं दुसरं टेबल ठेवलं आहे, बुकिंगच्या रांगेत थांबू नका. अर्ज दिल्यापासून २४ तासांत बॅगेचा नंबर आणि तिचा ठावठिकाणा तुम्हाला फोनवर सांगू. बॅग सापडली नसेल तर तेही त्याच फोनवर सांगू.